आर्किटेक्चर बघितलं

हॅकेथॉनचा नियम साधा होता. सादरीकरणाला पाच मिनिटं, आणि पहिल्याच स्लाइडवर टीमची ओळख, प्रत्येकाचं काम एका वाक्यात. दुसरं वाक्य सुरू झालं की भारत सर टेबलावरची बेल वाजवणार. ही बेल त्यांनी प्राचार्यांच्या केबिनमधून उचलून आणली होती आणि सकाळपासून ते ती इतक्या आवडीनं वाजवत होते, की शिपाई दोनदा 'चहा आणू का सर' विचारून गेला.

जालन्याच्या त्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या सभागृहात बाकीच्या टीमांनी नियमातून लगेच पळवाट काढली. पळवाट म्हणजे 'आणि'. ड्रोनवाल्या टीमच्या पोरानं एकाच वाक्यात 'आणि'ला 'आणि' जोडत मित्राची हुशारी, त्याची इंटर्नशिप, त्याचे दहावीचे टक्के असं सगळं कोंबलं. वाक्य संपेना, म्हणून बेल वाजेना. परीक्षकांचा चहा गार झाला.

तृप्तीच्या टीमची अडचण वेगळीच होती. त्यांच्याकडं माणसं चार होती आणि वाक्यं तीन.

टीमनं बनवलं होतं ते एक ॲप, 'गाडी भरली का'. मंठ्याहून जालन्याला येणाऱ्या काळ्या-पिवळ्या जीपा भरल्याशिवाय हलत नाहीत. ड्रायव्हर ओरडतो, "बस, एकच सवारी!" माणूस धावत जाऊन बसतो, आणि मग कळतं की ती एकच सवारी म्हणजे आपल्यासारखे अजून सहा जण. तृप्ती आणि फरहाना दोघी मंठ्याच्या. कॉलेजला येता-जाता या एका वाक्यानं त्यांची अर्धी इंजिनिअरिंग जीपमध्ये बसून गेली होती. म्हणून त्यांनी ठरवलं, ड्रायव्हरनं सवारी बसली की फोनवर बटण दाबायचं, आणि घरी बसलेल्या माणसाला खरा आकडा दिसायचा, तिथूनच सीटही मागता यायची.

सर्व्हरचं सगळं काम आमेरनं केलं. स्क्रीन फरहानानं बनवल्या. तृप्ती टीम लीडर. चौथा कल्याण. टीममध्ये चार जण पाहिजेत असा नियम होता आणि त्या दिवशी कँटीनमध्ये कल्याण रिकामा सापडला. तसा तो रोजच रिकामा सापडायचा.

"माझं वाक्य काय लिहिलं?" स्टेजमागच्या खोलीत कल्याणनं लॅपटॉपमध्ये डोकं घालून विचारलं.

"कल्याण, टीमचा सदस्य," तृप्तीनं वाचून दाखवलं.

"हे काम झालं का? हे तर रेशनकार्डावर असतं तसं झालं."

"मंग काय लिहू? तूच सांग."

कल्याणनं दाराकडं बघून आवाज खाली आणला. "टेक्निकल हेड लिही ना. अण्णासाहेब येऊन राह्यले."

अण्णासाहेब म्हणजे त्याचे वडील. कुंभार पिंपळगावात त्यांना विचारल्याशिवाय सप्ताहाचा मंडप उभा राहत नसे, आणि पोरगासुद्धा त्यांना अण्णासाहेबच म्हणायचा. आज ते पाहुणे म्हणून पहिल्या रांगेत बसणार होते.

आमेर खुर्चीतून उठलाच. "टेक्निकल हेड? याला अजून वायफायचा पासवर्ड मी टाकून देतो!"

"घरी सांगून बसलो यार."

"तर घरी जाऊन खरं सांग."

"तू माझं घर बघितलं नाहीस," कल्याण म्हणाला, आणि हे तो थट्टेनं बोलला नाही.

तेवढ्यात भारत सर बेल हातात घेऊनच आत आले. त्यांनी वाद ऐकला, घड्याळ बघितलं, आणि सरकारी आवाजात म्हणाले, "तृप्ती, मुलाचे वडील समोर आहेत. काहीतरी भारदस्त टाक. खोटं नको, पण भारदस्त."

खोटं नसलेलं भारदस्त वाक्य फरहानाला सुचलं. तिनं टाइप केलं : 'कल्याणने संपूर्ण सिस्टिमचं आर्किटेक्चर बघितलं.'

आमेरनं ते वाचलं आणि त्याला हसू आवरेना. "बराबर आहे! बघितलंच की. दोनदा बघितलं, माझ्या मागं उभा राहून वडापाव खाताना."

कल्याण मात्र खूष झाला. त्यानं ते वाक्य तीन-चार वेळा पुटपुटून घेतलं. तृप्तीला कुठंतरी खटकत होतं, पण बाहेर त्यांच्या टीमचं नाव पुकारलं आणि ती माइककडं गेली.

"मी तृप्ती, टीम लीडर. आमेर बॅकएंड बघतो. फरहाना डिझाइन बघते. कल्याणनं संपूर्ण सिस्टिमचं आर्किटेक्चर बघितलं."

पहिल्या रांगेत अण्णासाहेबांनी शेजारच्या पाहुण्याच्या गुडघ्यावर थाप मारली. बेल वाजली नाही. पुढचं सादरीकरण नीट झालं, डेमोत गाडी जरा उशिरा दिसली, पण मग बटण दाबलं की आकडा बदलला, आणि पाच मिनिटांत सगळं आटोपलं.

परीक्षक तिघे होते. त्यातल्या डोईफोडे मॅडम संभाजीनगरच्या एका कंपनीत होत्या, आणि सकाळपासून त्या प्रत्येक टीमच्या ओळखीच्या वेळी कागदावर काहीतरी खरडत होत्या. प्रश्न कोणाला विचारायचा ते त्या तिथंच ठरवून ठेवत, हे पोरांच्या ध्यानात आलं नव्हतं. ज्यानं जे केलं असं सांगितलं, त्यालाच त्या तेच विचारत.

"कल्याण," त्या म्हणाल्या. "शेवटची एकच सीट उरलीय. दोन माणसांनी दोन फोनवरून एकाच क्षणाला ती मागितली. तुमचं आर्किटेक्चर काय करतं?"

आमेरचं तोंड उघडलं. मॅडमनी बोट वर केलं. "त्यांना सांगू दे."

कल्याणनं माइक हातात घेतला. फरहाना स्वतःच्या चपलांकडं बघू लागली, कारण वाक्य तिचं होतं. कल्याणनं अण्णासाहेबांकडं एकदा बघितलं, मग छताकडं, मग परत मॅडमकडं.

"मॅडम," तो म्हणाला, "मी आर्किटेक्चर बघितलं म्हणजे नुसतं बघितलंच. आमेरच्या मागं उभा राहून."

हशा एवढा मोठा झाला की भारत सरांनी गोंधळून बेल वाजवली. हसले नाहीत ते दोघंच, अण्णासाहेब आणि डोईफोडे मॅडम.

"बरं," मॅडम म्हणाल्या. "मग तुम्ही केलं काय?"

"काही न्हाई. यांच्या कामात लुडबुड करत होतो, तर तृप्तीनं हाकलून दिलं. म्हणून काल मंठ्याला स्टँडवर गेल्तो."

"तिथं काय केलं?"

"ड्रायव्हर लोकांसंगं बसलो. चहा पिला. ॲप दाखवलं, तर पहिले त्यांनी मलाच हाकललं."

"का?"

"ते म्हणले, खरा आकडा दाखवला तर पहिला माणूस येईल कशाला? दहा सीटच्या गाडीत एकजण बसलेला दिसला तर बाकीचे घरी लोळत पडतील, गाडी भरली की येऊ म्हणतील. अन् सगळेच तसं म्हणले तर गाडी भरायचीच न्हाई." कल्याणला आता माइकची भीती राहिली नव्हती. "कारभारी म्हणून एक ड्रायव्हर आहेत, लई खडूस. ते म्हणले, चार सवाऱ्या मी माझ्या गळ्यानं बसवतो, तुमचं यंत्र तोवर गप ठेवा. चारनंतर खरा आकडा दाखवा, मला चालतंय. मी तिथून फोन केला, मंग यांनी तसं बदललं. मंग कारभाऱ्यांनी स्वतः इन्स्टॉल केलं, अन् त्यांच्या मागं बाकीच्यांनी."

डोईफोडे मॅडमनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे चार सीट भरेपर्यंत गाडी दिसत नाही, हे मघाशी डेमोत मला वाटलं बग आहे. ते मुद्दाम आहे?"

"मुद्दाम आहे मॅडम," तृप्ती म्हणाली.

"आणि हे तुम्ही ओळखीत सांगितलं नाही."

"आम्हाला ते... काम वाटलं नाही मॅडम. गप्पा वाटल्या."

"परत ओळख करून द्या," मॅडम म्हणाल्या. " एकेकच वाक्य. 'बघतो', 'बघते', 'बघितलं' हे शब्द बंद."

भारत सरांनी बेलवर हात ठेवला. तृप्तीकडं काही लिहिलेलं नव्हतं. तिनं एकदा तिघांकडं नजर फिरवली.

"आमेरनं सर्व्हर असा लिहिला की एकाच सीटवर दोघांनी बोट ठेवलं, तरी ती ज्याची मागणी आधी नोंदली गेली त्यालाच मिळते आणि दुसऱ्याला लगेच 'सीट गेली' असं कळतं."

आमेरनं मॅडमकडं बघून मान डोलावली. त्याचा प्रश्न त्याला परत मिळाला होता.

"फरहानानं ड्रायव्हरची स्क्रीन एकाच मोठ्या बटणाची केली, म्हणून ती न वाचता दाबता येते. कल्याणनं ड्रायव्हरांना तयार केलं आणि त्यांचं ऐकून आमचं ॲप सुधारायला लावलं." ती थांबली. स्वतःचं वाक्य सगळ्यात अवघड निघालं. टीम लीडर म्हणजे नेमकं काय, हे तिनं स्वतःलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं. "आणि मी तृप्ती, या तिघांनी जे जे घालायचं म्हटलं त्यातलं निम्मं मी काढून टाकलं."

"काय काढलं?" मॅडमनी विचारलं.

"आमेरला एआय घालायचं होतं."

"कशासाठी?"

"मलाही कळलं न्हाई मॅडम," आमेर म्हणाला. "सगळे घालून राह्यले म्हणून."

पहिलं बक्षीस ड्रोनवाल्यांना मिळालं. त्यांचा ड्रोन उडाला नव्हता, पण स्लाइडवर ढगाचं चित्र फार सुंदर होतं. 'गाडी भरली का'ला तिसरा नंबर मिळाला. डोईफोडे मॅडमनी जाताना कल्याणचा नंबर घेतला, आमेरचा घेतला नाही. यावर आमेर संध्याकाळपर्यंत फुगून बसला आणि फरहाना त्याला "हेडसाहेब, चाय पिओगे?" म्हणून चिडवत राहिली.

कल्याण मात्र त्यांच्यात नव्हता. तो पार्किंगमध्ये अण्णासाहेबांसमोर उभा होता. अण्णासाहेबांनी गाडीचं दार उघडून धरलं होतं, पण आत बसत नव्हते.

"घरी तर टेक्निकल हेड म्हणला होतास."

"हां."

"लोकांना सांगितलंय मी. सोयऱ्यांना सुद्धा."

आता आवाज चढेल म्हणून कल्याणनं खांदे आधीच आवळून घेतले.

अण्णासाहेबांनी इकडंतिकडं बघितलं. ड्रायव्हरला लांब पिटाळलं. मग जरा वाकून हळूच विचारलं, "तो कारभारी. मंठ्याच्या स्टँडवरला. पांढऱ्या मिशांचा?"

"हां, तेच."

"जिल्हा परिषदेच्या निवडणुकीच्या टायमाला मी त्याच्याकडं दोनदा गेल्तो. हार घेऊन. त्यानं चहाचं सुद्धा विचारलं न्हाई." त्यांनी गाडीचं दार लावून टाकलं आणि बॉनेटला टेकले. "तुला बसवून घेतलं कसं?"

"मी काही मागितलंच न्हाई," कल्याण म्हणाला. "तेच बोलत होते, मी ऐकत होतो."

"काय बोलत होता?"

कल्याण सांगू लागला. कारभाऱ्यांची पहिली जीप, तिचं तुटलेलं स्टेअरिंग, लग्नाच्या वऱ्हाडाला ऐनवेळी दिलेला नकार. अण्णासाहेब मधे मधे 'हं' म्हणत होते. बापलेक इतका वेळ एकमेकांशी बोलत उभे आहेत, हे लांबून बघणाऱ्या ड्रायव्हरला काही झेपेना.

"कल्याण! फोटो काढायचाय, चल!" पायऱ्यांवरून तृप्ती ओरडली.

"थांब गं," तो न वळता म्हणाला, आणि वऱ्हाडाचं पुढं काय झालं ते सांगू लागला.