पारीची लांबी

पिंपळटोल्याचं तळं छोटंसंच, पण गावचं धान त्याच्यावरच पिकायचं. दोन-तीन वर्षं झाली, दिवाळीआधीच तळ्याचं पाणी संपायचं आणि शेवटच्या बांध्या, म्हणजे धानाचे वाफे, कोरड्या राहायच्या. लोंबी भरायच्या वेळेलाच पाणी नाही म्हटल्यावर माणसं चिडणारच. हळूहळू गावात एक गोष्ट पसरली, की तळं लहान झालंय. कुणीतरी काठाची जमीन दाबली आहे.

काठाला लागून चार एकर शेत भय्याजींचं होतं.

सरपंच केशवरावांनी इश्वरला बोलावून घेतलं. इश्वर हा भय्याजींच्या बहिणीचा मुलगा. आई लवकर गेली तेव्हापासून तो मामाकडे वाढला, मोहाडीला आणि मग नागपूरला शिकला. आता, सत्याऐंशी साली, तो नागपूरच्या एका संस्थेत नकाशे आणि उपग्रहाची छायाचित्रं तपासायच्या कामावर होता.

"हा तळ्याचा जुना नकाशा हाय," केशवराव म्हणाले. "एकसष्ट साली शाळेच्या मास्तरनं मोजून काढला होता. तुमच्या मशीनीवर सांग, तवा तळं केवढं होतं."

कागदावर सलंगीपर्यंत भरलेलं तळं होतं. सलंग म्हणजे जादा पाणी वाहून जायची जागा. काठाची रेघ सफाईदार होती, आणि एका बाजूला पार, म्हणजे तळ्याचा बांध, सरळ आखलेली. फक्त प्रमाण लिहिलेला कोपरा वाळवीनं खाल्ला होता.

"प्रमाण नसलं तरी चालते," इश्वर म्हणाला. "यातली एक लांबी मले खरी माहीत पाहिजे. पार मोजून द्या."

केशवराव आणि इश्वर, दोघांनी टेप धरून पार मोजली. एकशे ऐंशी मीटर भरली.

नागपूरला यंत्रानं तो नकाशा बारीक चौकोनांत उतरवून घेतला. पडद्यावर पारीच्या रेघेवर तीनशे चौकोन आले. एकशे ऐंशी मीटरला तीनशे, म्हणजे एका चौकोनाची बाजू साठ सेंटिमीटर. इश्वरनं काठाच्या आतला भाग रंगवला आणि यंत्राकडून रंगलेले चौकोन मोजून घेतले. एक लाख अठ्ठावीस हजार. एकेका चौकोनाच्या क्षेत्रफळानं गुणलं, तर तळं साडेचार हेक्टरच्या थोडं वर गेलं. आताच्या तळ्याची मोजणी त्याच वर्षी भाद्रपदात, तळं काठोकाठ भरलं असताना झाली होती. ती होती तीन पूर्णांक दोन हेक्टर.

साडेतीन एकर तळं कमी झालं होतं.

त्यानं गुणाकार पुन्हा केला. उत्तर तेच आलं. मामाचा चेहरा त्याच्या डोळ्यासमोर आला, पण आकडा तर आकडा होता. त्यानं गावी येऊन तो केशवरावांना सांगितला.

चावडीवर भय्याजी उभे राहिले तेव्हा त्यांचा आवाज चढला नाही. "म्या तळ्यात एक टोपलं माती टाकली नाई. माया बापाच्या वेळेपासून हे धुरे इथंच हायेत."

"मशीन खोटं बोलते का मग? अन तुमचाच भाचा हाय मशीनीवर," मागून कुणीतरी म्हणालं.

भय्याजींनी इश्वरकडे पाहिलं. "तू मोजलंस?"

"हो मामाजी."

"मंग ठीक हाय," असं म्हणून ते घरी गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या बांध्यांचे धुरे, म्हणजे कडेचे मातीचे बांध, फुटलेले दिसले. लोंबीतलं धान होतं, पाणी सारं वाहून गेलं. कुणी फोडले ते कुणी सांगितलं नाही. भय्याजींनी तेही विचारलं नाही. ते पारीवर जायचे थांबले. धान वाळून करडं पडलं तेव्हा एका सकाळी ते अंगणात कोसळले. लकव्यानं उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली.

तार मिळाली तसा इश्वर नागपूरहून आला. मामी गोदावरीबाई त्याच्याशी नीट बोलल्या नाहीत. त्यांनी पाणी दिलं, ताट वाढलं. संध्याकाळी त्या पारीवर गोवऱ्या आणायला निघाल्या, तेव्हा तो मागोमाग गेला.

पारीच्या टोकाशी मामी थांबल्या. इथं दगडांचा थर संपून नुसती माती सुरू होत होती.

"हा एवढा तुकडा तुया मामानं बांधला," त्या म्हणाल्या. "दुष्काळाच्या कामावर. पाणी टोकाकडून वळसा घालून जाईल म्हणून पार वाढवली होती. मी माती भरून देत होती अन ते डोक्यावरून वाहत होते. तू तवा नागपूरले होतास शिकाले. अन आता लोक म्हणतेत का यानं तळं चोरलं!"

इश्वर तिथंच उभा राहिला.

"मामी, हा तुकडा कोणत्या साली बांधला?"

"बहात्तर-त्र्याहत्तरात. सारं गाव होतं की कामावर. काहून?"

त्यानं घरून टेप आणला आणि अंधार पडायच्या आत दगडी पार मोजली. एकशे पन्नास मीटर. नकाशा एकसष्टचा, आणि त्यानं त्यातल्या पारीला सत्याऐंशीची लांबी लावली होती. चौकोन तितकेच होते, पण एकेक चौकोन साठचा नव्हता, पन्नास सेंटिमीटरचा होता. लांबीतली चूक क्षेत्रफळात दोनदा शिरते. लांबी एवढीशी वाढली, तर तळं जवळजवळ दीडपट फुगलं. बरोबर हिशेबानं तळं तीन पूर्णांक दोन हेक्टर होतं. तेव्हाही आणि आताही.

पाणी कमी पडत होतं ते गाळानं. काठ जिथल्या तिथंच होता, तळ वर आला होता. ओळखीच्या त्या पारीवर उभं राहून त्यानं एकदाही विचारलं नव्हतं, की ही पार तेव्हा एवढीच होती का.

तो मामांच्या खाटेशी बसला आणि सगळं सांगितलं. चौकोन, पार, दगडाचा थर, सगळं. "मामाजी, तुमची जमीन तुमचीच हाय. चूक माहीच होती."

भय्याजींचे डोळे उघडे होते. ते छताकडे पाहत होते. डावा हात गोधडीवर थोडा हलला, पण तो कशासाठी हलला ते इश्वरला कळलं नाही. मामीनं तो हात हळूच गोधडीच्या आत घेतला.

दुसऱ्या दिवशी चावडीवर इश्वरनं केशवरावांसमोर आणि गावासमोर तेच सांगितलं.

"म्हणजे आमीच त्याच्या धानाले मारलं?" केशवरावांनी विचारलं.

"मी सांगितलं म्हणून तुमी मारलं," इश्वर म्हणाला.

मग परसराम नावाचा एक म्हातारा शेतकरी म्हणाला, "दुष्काळाच्या कामावर मीबी होतो. तो तुकडा मीबी बांधला. अन माया ध्यानात आलं नाई." एकामागून एक माणसं उठून गेली. धुरे फोडणाऱ्यांची नावं त्या दिवशीही निघाली नाहीत.

केशवराव एकटे भय्याजींकडे आले. बाहेर चपला काढून ओसरीवर बसले. मामीनं चहा केला नाही, आणि त्यांनीही तो अपेक्षिला नाही. आत जाऊन ते म्हणाले, "भय्याजी, आमच्याकडून चुकलं." भय्याजींनी तोंड भिंतीकडे वळवलं. ते लकव्यानं वळलं का मनानं, हे सांगता येणार नव्हतं.

पौषात भय्याजी गेले.

उन्हाळ्यात तळं आटल्यावर गावानं गाळ काढला. बैलगाड्यांनी तो काळा गाळ भय्याजींच्या बांध्यांत आणून टाकला, आणि फुटलेले धुरे माणसांनी स्वतःच्या हातांनी परत घातले. गोदावरीबाईंनी ते पाहिलं. त्या धुऱ्यावर उभ्या राहिल्या. पुढच्या खरिपात त्यांनी ती जमीन बटईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, दुसऱ्याला कसायला दिली आणि मोहाडीला बहिणीकडे राहायला गेल्या.

इश्वर वर्षातून एकदा त्यांना भेटायला जातो. त्या त्याला जेवू घालतात. तळ्याविषयी दोघंही बोलत नाहीत.