नीळकंठभाऊंचा दुसरा दिवस

कार्यदिवस म्हणजे काय, यावर साऱ्या देशाचं एकमत आहे. पुण्यातल्या मुख्य कार्यालयाचं तरी नक्कीच. बाभुळगावच्या अलीकडच्या आमच्या जिनिंगचं, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्याचं, नाही, कारण तिची सुट्टी बुधवारी असते. बुधवारी शेजारच्या गावात बाजार भरतो, आणि मजूर बाजाराला जातात हे पुण्याने नाइलाजाने मान्य केलेलं आहे.

पद्मजा जिनिंगमध्ये हिशेब बघायची, पण हिशेब विभाग पुण्याचा, म्हणून कागदोपत्री ती पुण्याची. शनिवार-रविवार तिची सुट्टी, बुधवारी हजर. नोकरी कंत्राटी होती. दर मार्चला पुण्याहून पत्र यायचं, आणि गेल्या मार्चला ते उशिरा आल्याने ती अकरा दिवस घरी बसली होती. या वर्षी सांगण्यात आलं होतं की सलग तीन महिन्यांची कामं मुदतीत केली तर कायम. ऑक्टोबर, नोव्हेंबर झाले होते. डिसेंबर उरला होता.

महिन्याचा हिशेब बंद करण्याची एक यादी संगणकावर होती. गोदामातल्या नीळकंठभाऊंनी रुईच्या, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाच्या, गाठी मोजायच्या, मुदत पुढच्या महिन्याचा दुसरा कार्यदिवस. त्या आकड्यावर पद्मजाने मालाची किंमत काढायची, तिसरा कार्यदिवस. त्यापुढे पुण्यातली पायल नफा-तोटा मांडणार, मग साहेब सही करणार. आधीच्याने काम झाल्याची खूण केल्याशिवाय पुढच्याची ओळ उघडत नसे.

एकतीस तारखेला पद्मजाने दिनदर्शिका बघितली. जानेवारी बुधवारी सुरू होत होता. तिचा तिसरा कार्यदिवस शुक्रवार. नीळकंठभाऊंचा पहिला गुरुवार, म्हणून दुसराही शुक्रवारच; त्यांची मोजणी आणि तिची किंमत एकाच दिवशी. नोव्हेंबर शुक्रवारी आणि डिसेंबर रविवारी सुरू झालेला, त्यामुळे ही गोष्ट कोणाच्या लक्षातच आली नव्हती.

तिने पायलला फोन केला.

"तू एवढं काय मनावर घेतेस?" पायल म्हणाली. "गेल्या महिन्याचा आकडा टाक, खूण कर, सोमवारी दुरुस्त करू. सगळे असंच करतात."

"नीळकंठभाऊंची खूण नसेल तर माझी ओळच उघडत नाही."

"मग त्यांना आधी करायला सांग."

पद्मजा गोदामात गेली. नीळकंठभाऊ गाठीवर बसून चहा पीत होते.

"भाऊ, मोजणी गुरुवारी सकाळीच होईल का?"

"गुरुवारी कशी होईन? मशीन चालू, दोन ट्रक भरून राह्यलो. गाठी हालत राहतात. शुक्रवार संध्याकाळ. कागदावर तेच तर लिवलं."

"आणि उद्या?"

"उद्या बुधवार हाय न मॅडम. मले कायले बोलावता? तुमच्याच संगणकानं मले सुट्टी देली." मग तिच्या चेहऱ्याकडे बघून म्हणाले, "नुसती खूण पायजे का? ते करून देतो आत्ताच."

तिच्या ओठांवर 'हो' आलं होतं. एक खूण, आणि अकरा दिवसांची धास्ती कायमची संपली असती. पण मोजणी न करता केलेल्या खुणेच्या खाली मालाच्या किमतीवर तिचं नाव येणार होतं.

"नको," ती म्हणाली.

"काहून?"

"न मोजलेल्या गाठींची किंमत मी कशी काढू?"

बुधवारी ती बंद जिनिंगमध्ये एकटी बसली. जिनिंगचा आवाज नसला की तिथे विचार करायला फार जागा होते, आणि विचार बहुतेक वेळा मार्चचाच यायचा. चारच्या सुमाराला फाटकाशी नीळकंठभाऊ दिसले. हातात मेथी, कांदे आणि नवीन खराटा. मागे त्यांची बायको हंसाबाई.

"घरी सांगतलं त ही म्हणे, पोरगी न मोजलेलं लिहित नाही अन तुम्ही खराटे घेऊन फिरता?" ते म्हणाले. "मशीन बंद आहे, आज एकबी गाठ हालत नाही. मोजाले याच्याहून चांगला दिवस नाही. हे सतरा वर्ष मले सुचलं नाही, ते सोडा."

हंसाबाई पिशवी सांभाळत बाकावर बसली. दोघांनी रांगेरांगेने मोजलं. आकडा गोदामाच्या वहीशी जुळला. नीळकंठभाऊंनी संगणकावर खूण केली. तांबडी पट्टी आली: आज आपला कार्यदिवस नाही.

"ह्याले काय झालं?"

"हा बाजाराला गेलाय," पद्मजा म्हणाली.

तिने रात्री घरी किंमत काढून ठेवली. गुरुवारी सकाळी नऊला भाऊंनी खूण केली, नऊ वाजून दहा मिनिटांनी तिने. तिच्या मुदतीच्या एक दिवस आधी. पायलने अंगठ्याचं चित्र पाठवलं. सहीसुद्धा वेळेत झाली.

मार्चमध्ये पत्र आलं. कंपनीने सगळ्याच कंत्राटी लोकांना कायम केलं होतं. तीन महिन्यांची अट डिसेंबरच्या वीस तारखेलाच रद्द झाली होती.