झिरो म्हणणारी बाई

लिफ्ट बंद पडली की लोक जिथे फोन करतात, त्या ऑफिसात ती कामाला होती. फोन उचलायचा, आत कोणी अडकलंय का ते आधी विचारायचं, दार ओढू नका म्हणून बजावायचं, मग लिफ्टमधल्या पाटीवरचा नंबर घ्यायचा आणि एकेक आकडा परत वाचून दाखवायचा. नंबर चुकला तर मेकॅनिक भलत्याच इमारतीत जाऊन उभा राहणार, म्हणून परत वाचणं सक्तीचं. आणि त्या नंबरांत शून्यं फार.

ऑफिसची भाषा तिची नव्हती. ती भाषा ती शाळेत शिकली होती, व्याकरणात कधी अडली नव्हती, पत्रं तर इतरांपेक्षा नीट लिहायची. पण ‘झिरो’ म्हणताना तिचा ‘झ’ झेंड्यातल्या ‘झ’सारखा, श्वासाचा धक्का घेऊन बाहेर पडायचा. तिथे तो भुंग्यासारखा गुणगुणत यायला हवा होता. कामावर लागल्यानंतर पहिल्याच आठवड्यात शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याच्या कानावर ते पडलं. तो नकला करण्यात पटाईत होता. त्याने तोंड फुगवून, छातीला झटका देऊन ‘झिरो’ म्हणून दाखवलं आणि सगळी रांग हसली. तीही हसली. तिथून तिचं नावच झिरो पडलं. वाढदिवसाच्या केकवरसुद्धा कोणीतरी प्रेमाने तेच लिहून आणलं होतं.

वाईट कोणीच नव्हतं, हीच अडचण होती. नकल्याने तिची आई आजारी असताना तिच्या पाळ्या स्वतःकडे घेतल्या होत्या. अशा माणसाला काय बोलायचं? मग ती शब्द चुकवायला शिकली. ‘साइज’ येणार असेल तिथे ‘माप’ असा अर्थ देणारा दुसरा शब्द, ‘झोन’च्या जागी ‘भाग’. बोलण्याच्या आधी वाक्य मनात एकदा फिरवून बघायचं आणि काटा दिसला की वाट बदलायची. मीटिंगमध्ये वाट बदलून होईपर्यंत विषय पुढे गेलेला असायचा. वर्षअखेरच्या शेऱ्यात ऑफिसच्या प्रमुख मॅडमनी लिहिलं, काम उत्तम, पण पुढाकार घेत नाही. संध्याकाळी घरी आल्यावर तिचा जबडा दुखायचा. आईचा फोन आला की ती म्हणायची, आई, आज तूच बोल, मी नुसती ऐकते.

ऑफिसात तिच्या भाषेचा आणखी एक माणूस होता. वयाने मोठा, सगळ्यांचे फोन रेकॉर्ड व्हायचे, ते ऐकून गुण द्यायचं काम त्याचं. ती नवीन असताना जिन्यात भेटून तो आपल्या भाषेत म्हणाला होता, “मला दादा म्हण, पण वर ऑफिसात नको.” वर तो इतकं सफाईदार बोलायचा की तो कुठला हे ओळखू येऊ नये. सुरुवातीला त्याने तिला बरंच शिकवलं. पुढे जिन्यातलं बोलणंही कमी झालं.

मॅडमच्या बढतीची पार्टी होती. जेवणं झाल्यावर नकल्याने स्पीकरला फोन जोडला आणि एक गाणं लावलं. ठेका होता, आणि ठेक्यावर एकच आवाज पुन्हा पुन्हा येत होता: झिरो, झिरो, झिरो. मधेच, “घाबरू नका, दार ओढू नका.” आवाज तिचा होता. लोक टाळ्या वाजवत होते. एकीने तिला हाताला धरून नाचायला ओढलं.

ते “घाबरू नका” तिने कोणाला म्हटलं होतं, ते तिला आठवलं. एक म्हातारे गृहस्थ अडकले होते, अंधारात, आणि मेकॅनिक येईपर्यंत ती त्यांच्याशी बोलत राहिली होती. फोन ठेवताना ते रडले होते. तिने हात सोडवून घेतला आणि खुर्चीवर बसली. या वेळी तिला हसू आलं नाही. आणायचा प्रयत्न केला, तरी आलं नाही. हळूहळू टाळ्या विरळ झाल्या आणि नकल्याने आवाज बारीक केला. “अगं, गंमत आहे,” तो म्हणाला. ती म्हणाली, “माहीत आहे.”

घरी जाताना तिला उमगलं. रेकॉर्ड झालेले फोन बाहेर काढता येतात ते एकाच माणसाला.

दुसऱ्या दिवशी तिने दादाला जिन्यात गाठलं. त्याने नाकारलं नाही. कठड्याला टेकून तो खाली बघत राहिला.

“तू यायच्या आधी ते मला हसायचे,” तो म्हणाला. “माझंही असंच एक नाव होतं. तू आलीस आणि ते थांबलं. त्या नकल्याने क्लिप मागितली तेव्हा नाही म्हणायला जीभच रेटली नाही. नाही म्हटलं असतं तर पुन्हा माझ्याकडे वळले असते.”

“म्हणून मला पुढे केलंत, दादा?”

“तू हसायचीस. मला वाटलं, तुला चालतंय.”

तिला संताप यायला हवा होता, पण आला तो नुसता थकवा, पाठीच्या मणक्यातून खाली उतरणारा. ती वर गेली आणि मॅडमच्या केबिनमध्ये जाऊन तिने सांगितलं की ग्राहकाच्या फोनचा तुकडा पार्टीत वाजला, तो पुसला जावा, आणि यापुढे तिला तिच्या नावाने हाक मारावी. मॅडम चकित झाल्या. सगळे तुला किती जीव लावतात, म्हणाल्या. मग हळूच विचारलं, “पण तू स्वतःही हसायचीस ना?”

“हसले नसते तर काय केलं असतं, तुम्हीच सांगा.”

मॅडमनी पेन उचललं. त्यांनी विचारलं, रेकॉर्डिंग दिलं कोणी? नाव सांगितलं तर त्यांच्या भाषेची ती तिथे एकटीच उरेल, हे तिला दिसत होतं. पण त्याच्यासाठी खोटं बोलायला लागणारी ताकदही तिच्यात उरली नव्हती. तिने सांगितलं.

त्याला लेखी ताकीद मिळाली आणि रेकॉर्डिंगचं काम काढून घेतलं गेलं. आता तोही फोनवर बसतो. क्लिप पुसली गेली, निदान तसं सांगण्यात आलं. तिला सगळे पूर्ण नावाने हाक मारतात, जपून, ताप आलेल्या माणसाला मारावी तशी. नकल्या तिच्यासमोर कोणाचीच नक्कल करत नाही. ती आली की रांगेतलं बोलणं किंचित बारीक होतं. जेवायला चल, असं आता कोणी म्हणत नाही. मुद्दाम वगळतात असंही नाही. विचारायचं राहून जातं.

मीटिंगमध्ये ती आता वाक्य आधी फिरवून बघत नाही. आलं तसं बोलते. कोणी ओठ दाबतं, कोणी कागदात बघतं. तिला ते दिसतं, आणि ती वाक्य पुरं करते.

परवा जेवणाच्या खोलीत सगळी टेबलं भरलेली होती. एकाच टेबलावर जागा होती आणि तिथे दादा एकटा बसला होता. ती डबा घेऊन क्षणभर उभी राहिली, मग समोर बसली. तिने डबा उघडला. मग त्याने, आवाज न दाबता, त्यांच्या भाषेत विचारलं की दिवसभर तो हेडफोन लावून तिचे कान दुखत नाहीत का.

“दुखतात,” ती म्हणाली. “आत थोडा कापूस ठेवा.”

तो मान हलवून जेवू लागला. तिने त्याला माफ केलं नव्हतं. पण डबा उचलून पुन्हा उठावं असंही तिला वाटलं नाही, आणि भाजीला मीठ बरोबर पडलं होतं.