समक्ष पडताळणी

दिनांक ३ मार्च २०२५, सोमवार, सकाळी अकरा वाजता, बडोद्यातील एका जिल्हा कार्यालयाच्या जिन्यापाशी धनाजीराव मोहिते रिक्षात बसून होते. पाय निकामी झालेल्या या गृहस्थांना सरकारी योजनेतून तीनचाकी सायकल हवी होती. सचिवालयाच्या ठरावाप्रमाणे जिल्हा अधिकाऱ्याने अर्जदाराची समक्ष पडताळणी करायची होती, आणि कार्यालय दुसऱ्या मजल्यावर होते.

"साहेब, तुम्हीच खाली या ना!" धनाजीराव ओरडले.

"काका, तुम्ही मला इथून स्पष्ट दिसता," अधिकारी जनार्दन सुपेकर खिडकीतून म्हणाले, "पण पडताळणी रस्त्यावर चालते का, हा धोरणाचा प्रश्न आहे. विचारून घेतो."

त्यांनी गांधीनगरच्या संचालनालयाला पत्र लिहिले. संचालनालयाने अभिप्राय न देता ते सचिवालयात धाडले. तीन महिन्यांनी त्याच वाटेने उत्तर उतरले: धोरण ठरलेलेच आहे, पडताळणी कोठे करावी, ही अंमलबजावणीची बाब असून ती जिल्हा अधिकाऱ्याने ठरवावी.

धनाजीरावांना पुन्हा बोलावणे गेले. सुपेकर बेचाळीस पायऱ्या उतरले, त्यांच्या रिक्षात डोकावले आणि त्यांनी अर्जावर सही केली.

धनाजीरावांनी सही निरखून पाहिली. "साहेब, हे काम पहिल्या दिवसापासून तुमचेच होते."