चार दशलक्षांचं पाणी

"पोरी, धा लाखाचा मिलियन, शंभर लाखाचा कोटी. एकाचं दुसऱ्याच्या दारात बांधू नको!" शाळेतल्या गुरुजींचा तो जुना आवाज सुकन्याच्या कानात सकाळपासून घुमत होता.

पाणी वापर संस्थेचा अहवाल तिनंच लिहिला होता. पाटबंधारे खात्याच्या तक्त्यात तलावातलं पाणी चार दशलक्ष घनमीटर होतं. दशलक्ष म्हणजेच मिलियन, म्हणून ते चाळीस लाख. पण खालच्या मजकुरात तिच्या हातून 'चार कोटी' लिहिलं गेलं होतं. चूक तिला कालच उमगली होती; पण संस्थेत नोकरीला लागून दोनच महिने झालेले, म्हणून ती गप्प राहिली.

सभेत अध्यक्ष आश्रुबा तात्यांनी मजकूरच वाचला. तक्त्याकडं कुणी वळूनही पाहिलं नाही.

"चार कोटी! मग उसाला पाण्याच्या पाच पाळ्या सोडा की," सोमनाथ म्हणाला. "एका पाळीला पंधरा लाखच लागतंय."

"आन् गावाला प्यायला?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

"धा लाख," सोमनाथच बोलला. "तळं काय आटतंय व्हय, काकू? तुमी आपल्या घागरी मोजा!"

हशा पिकला. पाच पाळ्यांचे पंचाहत्तर लाख होतात, हे सुकन्याला ठाऊक होतं. तिच्या डोळ्यांपुढं चैत्रातला भेगाळलेला तळ उभा राहिला. आश्रुबांनी सहीसाठी पेन उघडला.

"थांबा, तात्या," ती उठली. "तळ्यात चाळीसच लाख हायेत. प्यायचं राखलं तर दोनच पाळ्या बसतात. चूक माझी हाय, आन् मला ती कालच कळलीती."