सलाइनची गाडी

फोन वाजला आणि गोदामातून नणंदेचा आवाज आला, "वहिनी, हॉस्पिटलची गाडी माल भरायला डॉकला लागलीये. पण हा माल भरू का?"

"भरू का म्हणजे? नाहीतर काय आरती ओवाळणार आहेस त्याची?"

"अगं, एक्सपायरी बघ की! सगळा माल जवळच्या तारखेचा आहे. निम्म्याहून जास्त मुदत उरलेली नसेल तर हॉस्पिटलवाले घेत नाहीत. दारातून परत पाठवतात."

फोन कानाशी धरूनच मी साठ्याची यादी उघडली.

मी स्क्रीनवर पाहिलं. सलाइनचा साठा भरपूर दिसत होता. तोच आकडा बघून मी फॅक्टरीची नवी ऑर्डर आठवडाभर पुढे ढकलली होती. बाटल्या किती आहेत ते पाहिलं, त्यातल्या हॉस्पिटलला चालतील अशा किती ते पाहिलंच नाही. आणि हे कोणी केलं? मी! इतकी वर्षं खाली गोदामात रॅकवरून माल काढताना आधी तारीख बघायची सवय असलेल्या मी! खुर्ची मिळाली आणि नजर गेली, दुसरं काय!

कोणता माल कधी मागवायचा ते ठरवणारी प्लॅनिंगची ही खुर्ची मला अजून पुरती मिळालेलीही नव्हती. चाचणीवर होते. डेपोच्या मॅनेजर मॅडम याच आठवड्यात मला कायम करायचं की परत खाली पाठवायचं ते ठरवणार होत्या. या जागेसाठी नणंदेनंही परीक्षा दिली होती. मी संध्याकाळी एक्सेलच्या क्लासला जायचे तेव्हा माझ्या लेकीला तीच सांभाळायची. म्हणून तिचा अभ्यास मागे पडला आणि माझा पुढे गेला. तिनं एकदाही ते बोलून दाखवलं नाही. उलट म्हणायची, "वर गेलीस की पंख्याखाली बस, आणि आम्हाला विसर!"

"वहिनी, ऐकतेस ना? तू सांग, तू म्हणशील तसं करते."

हेच ते! ती माझ्यावर विश्वास टाकून मोकळी झाली. मी "भर" म्हणाले असते तर तिनं भरलं असतं, तपासणीच्या कागदावर सही केली असती. गाडी परत आली असती तेव्हा सही तिची, चूक तिची. मला कोणी विचारलंही नसतं. खरं सांगते, तो विचार माझ्या मनात आला. आला तो आला, वर टेकूनही बसला.

मग डोळ्यांसमोर हॉस्पिटल आलं. तिथे कोणीतरी पलंगावर असणार, वरची बाटली संपत आलेली असणार.

"थांबव गाडी," मी म्हणाले. "काहीही भरू नकोस."

मॅडमच्या केबिनकडे रिकाम्या हातानं जायची हिंमत नव्हती. नुसतं रडगाणं घेऊन गेलेलं त्यांना खपत नाही. आधी दुसऱ्या डेपोला फोन लावला. त्यांच्याकडे लांब मुदतीचा माल होता, पण गरजेच्या निम्माच. आमचा जवळच्या तारखेचा माल पडून राहू नये म्हणून तो लवकर संपवणारे छोटे दवाखाने शोधून काढले. मग दार ढकललं.

"मॅडम, माझी चूक झालीये."

सगळं सांगितलं. त्या पेन खाली ठेवून ऐकत होत्या. मला वाटलं, आता ओरडल्या तर बरं.

"निम्मा माल आज दुसऱ्या डेपोतून," मी घाईघाईनं म्हणाले, "उरलेल्यासाठी फॅक्टरीची लांबवलेली ऑर्डर आजच देऊ. हॉस्पिटलला दोन खेपांची परवानगी मागू."

मॅडमनी स्वतः हॉस्पिटलच्या स्टोअरला फोन केला. ते तयार झाले. मी श्वास सोडला, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "तुला या महिन्यात कायम करत नाही. चाचणी वाढवते. आणि हे पकडलं कोणी?"

जागा एकच होती. नाव घेतलं तर काय होऊ शकतं, ते मला लख्ख दिसत होतं. घरी लेकीच्या शाळेचं, नवऱ्याच्या बदलत्या पाळ्यांचं, सगळं गणित या खुर्चीवर मांडलं होतं.

"डॉकवरच्या तपासनीस बाईनं. माझ्या नणंदेनं."

"तिला वर पाठव."

फोन करता आला असता. पण मी जिना उतरून गेले. रिकाम्या गाडीजवळ नणंद एकटीच उभी होती, मला बघून तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"गाडी अडवली म्हणून मला काढलं का गं?"

"नाही गं वेडाबाई. मॅडमनी बोलावलंय. तू वर चांगली बोललीस तर कदाचित माझी जागा तुला जाईल."

तिनं ओढणीला हात पुसले.

"वहिनी, मला भीती वाटतेय."

"मलाही," मी म्हणाले आणि तिचा हात धरला. "चल. विचारलं तर सांग, मुदतीप्रमाणे साठा स्क्रीनवर वेगळा कसा दाखवायचा ते. परवा मला सांगत होतीस ना, तेच."