व्हिडिओच्या नावावर

विजय नगरमधल्या एका छोट्या कंपनीत दवाखान्यांसाठी ॲप बनायचं. नव्यानेच आलेल्या अवंतीने त्याचा डेमो व्हिडिओ केला आणि नोंदण्या वाढल्या. व्हिडिओखालच्या लिंकला नोंदणी कुठून आली ते दाखवणारा ‘व्हिडिओ’ असा टॅग होता, म्हणून त्या लिंकवरून झालेली प्रत्येक नोंदणी तिच्या नावावर जाई. डॉक्टरांना मेल पाठवणाऱ्या लतिकाच्या नावापुढे काहीच दिसेना. मालक अनुपमजी अवंतीचं कौतुक करू लागले की लतिकाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

सोमवारच्या मीटिंगमध्ये अवंतीच म्हणाली, “सर, दीदींची मेल जाते, त्याच दिवशी नोंदण्या वाढून राहिल्या. व्हिडिओ तर तेव्हा फारसं कोणी पाहत नाही. दीदी, मेलमध्ये व्हिडिओखालचीच लिंक टाकली का?”

लतिकाने मेल उघडून पाहिली. लिंक तीच होती, टॅगसकट.

मेलच्या लिंकला वेगळा टॅग दिल्यावर आठवड्याभरात लतिकाचा आकडा अवंतीच्या पुढे गेला. अनुपमजी खूश होऊन म्हणाले, “अवंतीने काय नेमकं पकडलं!”

लतिका हसली. आता त्या मुलीचा राग करायला कारणही उरलं नव्हतं, आणि तरी तिचा जळफळाट थांबत नव्हता.